अर्धा तास एकही उल्का नाही, मग पुढच्या अर्ध्या तासात पाच: माझी मोजणी चुकली का?

पठारावरचा

जानेवारीच्या अमावास्येला वेल्ह्याच्या अलीकडे एका पठारावर मुक्कामाला गेलो होतो. उल्कावर्षाव वगैरे काही नव्हता, मुद्दामच तशी रात्र निवडली. कुठल्याही वर्षावातल्या नसलेल्या, सुट्या उल्का तासाला किती दिसतात हे एकदा स्वतः मोजायचं होतं. चटई टाकून आडवा झालो, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास दिला आणि रात्री ११ ते पहाटे ३ मोजत राहिलो. आकाश शेवटपर्यंत स्वच्छ होतं. दर दहा मिनिटांना किती दिसल्या ते असं:

११ ते १२: १, २, ०, १, ३, ० (एकूण ७)
१२ ते १: ०, १, ०, ०, ०, २ (एकूण ३)
१ ते २: २, १, ३, १, ०, २ (एकूण ९)
२ ते ३: ०, १, २, १, ०, १ (एकूण ५)

चार तासांत २४, म्हणजे तासाला सरासरी ६. पण १२:२० ते १२:५० एकही नाही आणि लगेच पुढच्या अर्ध्या तासात पाच! सोबतच्या मित्राचं म्हणणं, तू मध्ये डुलकी काढलीस. मी जागा होतो, शप्पथ. एका तासात ३ आणि पुढच्याच तासात ९ हा तिप्पट फरक आला कुठून? आकाशात खरंच काही बदललं होतं, की मोजणारा कच्चा आहे?

चिंगीची आई

वा, मस्त! मुलीला घेऊन जायचंय. उल्कावर्षाव नक्की कोणत्या तारखेला असतो? आणि गाडी पठारापर्यंत जाते का?

पठारावरचा

ताई, हा वर्षाव नव्हता. मुलीला दाखवायचं असेल तर १३-१४ डिसेंबरची रात्र धरा, मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का असतात, बऱ्याच दिसतात. त्या वेळी चंद्र नाही ना, एवढं आधी बघून घ्या. गाडी खालीच लावावी लागते, वर वीस मिनिटं चाल आहे.

सह्यवारा

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. हे सरळ पॉयसाँ वितरण आहे. (कॉलेजात आम्ही सगळे त्याला 'पॉयझन' म्हणायचो आणि पेपरात ते तसंच लागायचं.) त्याला एकच आकडा लागतो, सरासरी दर λ. मग k उल्का दिसण्याची शक्यता:

```
P(k) = λ^k e^(-λ) / k!
```

तुमचा λ = ६. प्रमाण विचलन म्हणजे ६ चं वर्गमूळ, साधारण २.४. तेव्हा ३ काय आणि ९ काय, दोन्ही सरासरीपासून सव्वापट विचलनाच्या आत. मित्राला सांगा, डुलकी नव्हती.

आणि त्या मोकळ्या अर्ध्या तासानंतर पाच का आल्या, तेही उघड आहे. जितका वेळ उल्का दिसत नाही तितकी पुढची दिसण्याची शक्यता वाढत जाते. सरासरी भरून निघायलाच हवी ना!

बांगडा_फ्राय

शीर्षक न वाचता प्रतिसादात 'पॉयसाँ' दिसलं म्हणून आत आलो. फ्रेंचमध्ये poisson म्हणजे मासा. मला वाटलं कोणीतरी बाजारभाव लिहिलाय. असो, चालू द्या. आमच्याकडे गळ टाकून बसलेल्या माणसाला सह्यवारा यांचं शेवटचं वाक्य रोज पटतं आणि तो रोज रिकाम्या हाताने घरी जातो.

जुना मापाडी

बांगडाशेठ, तुम्ही थट्टेत जे बोललात तेच खरं आहे.

सह्यवारा, पहिला परिच्छेद बरोबर, दुसरा चूक. सरासरी भरून काढण्याची जबाबदारी आकाशावर नाही. एका उल्केला मागच्या उल्केची खबर नसते. तासाला ६ म्हणजे दोन उल्कांमध्ये सरासरी १० मिनिटं. पृथ्वी आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, म्हणजे दहा मिनिटांत १८,००० किलोमीटर, स्वतःच्या व्यासापेक्षाही जास्त. एवढ्या अंतरावरचे दोन धुळीचे कण एकमेकांना वेळ ठरवून देत नाहीत. तुम्ही अर्धा तास वाट पाहिलेली असो नाहीतर नुकतीच एक उल्का पाहिलेली असो, पुढच्या उल्केसाठी सरासरी थांबायचं ते दहाच मिनिटं. पॉयसाँचं सूत्र लिहिताना हीच गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत आणि पुढच्या परिच्छेदात तीच मोडलीत!

पठारावरचे, आता तुमच्याकडे येतो. माझी नोकरी किरणोत्सार मोजण्यात गेली. तिथेही काउंटर असाच वागतो, कधी टक टक टक, कधी गप्प. नवीन मुलं पहिल्या आठवड्यात हमखास यंत्र बिघडल्याची तक्रार घेऊन यायची.

सूत्र बाजूला ठेवा. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. तुमच्या दरानं दहा मिनिटांत सरासरी एक उल्का, म्हणजे एखाद्या ठरावीक सेकंदात ती दिसण्याची शक्यता ६०० त १. न दिसण्याची ६०० त ५९९. पूर्ण दहा मिनिटं काहीच दिसू नये तर ही 'न दिसण्याची' पाळी लागोपाठ ६०० वेळा यायला हवी. कॅल्क्युलेटरवर ५९९/६०० ला ६०० वेळा स्वतःनेच गुणा. उत्तर येतं ०.३६७६. सेकंदाऐवजी आणखी बारीक तुकडे केलेत तर ते ०.३६७९ वर जाऊन थांबतं, सूत्रातला e^(-1) तो हाच. तुमच्याकडे दहा मिनिटांचे २४ खण आहेत. २४ गुणिले ०.३६८ म्हणजे ८.८ खण रिकामे अपेक्षित.

आता तुमच्या यादीतली शून्यं मोजा.

पठारावरचा

नऊ!!

जुना मापाडी

आता एक, दोन, तीन वाले खणही मोजा. एक उल्का असलेले खण ८.८ अपेक्षित, तुमचे ८. दोनवाले ४.४ अपेक्षित, तुमचे ५. तीनवाले दीड, तुमचे २. चार किंवा जास्तचा अर्धा खण अपेक्षित होता, तो तुमच्या वाट्याला आला नाही. इतकं छान जुळलेलं बघून खरं तर मलाच शंका यायला हवी की तुम्ही आकडे घरी बसून बनवलेत!

दुसरी खूण यापेक्षाही सोपी. या वितरणात सरासरी आणि प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, सारखंच असतं. खणाची सरासरी १. प्रचरण काढायचं तर प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज करा, ४६ येईल. त्यातून २४ वजा करा, २३ ने भागा. ०.९६. एकाच्या इतकं जवळ आल्यावर डुलकीचा आरोप टिकत नाही. डुलकी काढली असतीत तर मोकळे खण आणि भरलेले खण यांच्यातलं अंतर वाढून हा आकडा एकाच्या वर सरकला असता.

सह्यवारा

मान्य, दुसरा परिच्छेद मागे घेतो. पण मग एक सांगा. अर्धा तास पूर्ण मोकळा जाण्याची शक्यता e^(-3), म्हणजे फक्त ५ टक्के. ५ टक्क्यांची गोष्ट घडली तर संशय घ्यायचा असंच आम्हाला शिकवलंय. मग इथे का नाही?

पूर्वरात्र

याचं उत्तर देतो. ५ टक्के ही 'आधीच बोट ठेवलेल्या' अर्ध्या तासाची शक्यता आहे. पठारावरचे यांनी १२:२० आधी ठरवलं नव्हतं. रात्र संपल्यावर यादीतली सगळ्यात विचित्र जागा शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. प्रश्न असा विचारायला हवा: २४ खणांच्या रात्रीत कुठेतरी सलग तीन शून्यं येण्याची शक्यता किती? कागदावर थोडं किचकट आहे, म्हणून दहा हजार खोट्या रात्री बनवून पाहिल्या:

```python
import numpy as np
r = np.random.default_rng()
n = r.poisson(1, (10000, 24))
z = (n == 0)
t = z[:, :-2] & z[:, 1:-1] & z[:, 2:]
print(t.any(axis=1).mean())
```

०.५५ च्या आसपास येतं. म्हणजे निम्म्याहून जास्त रात्रींत असा मोकळा अर्धा तास कुठे ना कुठे असतोच. तो दिसला नसता तरी नवल नव्हतं, दिसला तरी नाही.

३ विरुद्ध ९ चंही तसंच. दोन्ही तासांत मिळून १२ उल्का. दर सारखाच असेल तर प्रत्येक उल्का या तासात पडली की त्या तासात, हा छापा-काटा. १२ वेळा नाणं उडवून ९-३ किंवा त्याहून वाकडी वाटणी होण्याची शक्यता १४.६ टक्के, सातात एकदा. त्यातही चार तासांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा तुम्ही निवडून घेतलात, तेव्हा खरी शक्यता आणखी जास्त.

पठारावरचा

मित्राला लिंक पाठवली. त्याचा निरोप: "डुलकी काढली नाही हे सिद्ध झालं नाही, फक्त काढली असं म्हणता येत नाही." वकील आहे तो.

जुना मापाडी

तुमचा वकील हुशार आहे. नेमकं तेवढंच सिद्ध झालंय. आणि हाच आक्षेप माझ्यावरही येतो, कारण मी वर 'दर स्थिर' हे निमूटपणे धरून चाललो. खरं तर सुट्या उल्कांचा दर रात्रभर सारखा नसतो. मध्यरात्रीनंतर आपण पृथ्वीच्या पुढच्या अंगाला येतो, जिकडे ती धावत असते त्या बाजूला. धावत्या बसच्या पुढच्या काचेवर पावसाचे थेंब जास्त आपटतात, मागच्या काचेवर कमी, तसं. म्हणून पहाटे उल्का जास्त दिसायला हव्यात.

तुमच्या यादीत पहिल्या दोन तासांत १०, शेवटच्या दोन तासांत १४. वाढ दिसते, पण फरक ४ चा आणि त्या फरकातला स्वाभाविक हेलकावा २४ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे जवळपास ५. हेलकाव्याखाली वाढ बुडाली. खरा फरक एवढाच असेल तर तो हेलकाव्याच्या दुपटीएवढा व्हायला अशा पाच-सहा रात्री एकत्र कराव्या लागतील. शिवाय तुमचा 'तासाला ६' हाही ६ नाही, ४.८ ते ७.२ मध्ये कुठेतरी आहे असं लिहा. २४ मोजल्या, वर्गमूळ ४.९, भागिले ४ तास.

ओंजळभर

सगळा धागा वाचला. उल्कांमधलं कळत नाही, पण आमच्याकडेही हेच चालतं म्हणून लिहिते. मी तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका आहे. अपघात विभागात रात्री किती रुग्ण आले याची नोंद मीच ठेवते. गेल्या ३० रात्रींची सरासरी जवळपास ४ आली. काकांनी सांगितलं तसं प्रचरण काढलं तर साडेदहा! म्हणजे माझी नोंद चुकतेय का? सगळ्यांत 'पनवती' नर्स मीच आहे असं बाकीच्या म्हणतात, माझ्या पाळीला गर्दी होते म्हणून.

सह्यवारा

ताई, सरासरीच्या अडीचपट प्रचरण म्हणजे हे पॉयसाँ नाही. इथे हे वितरण लागूच होत नाही, सोडून द्या.

जुना मापाडी

सोडून कशाला द्यायचं? बसत नाही तिथेच तर काहीतरी कळतं. ताई, दोन गोष्टी सांगा. कुठल्या ठरावीक वारी गर्दी असते का? आणि तुम्ही माणसं मोजता की घटना?

ओंजळभर

शनिवारी. गावचा बाजार असतो, रात्री दारू पिऊन गाड्या चालवतात. त्या ३० रात्रींत चार शनिवार होते, त्यांची सरासरी १०. आणि हो, माणसं मोजते. एका मोटारसायकलवर तिघं असले तर तीन.

जुना मापाडी

मग हिशेब करू. उरलेल्या २६ रात्रींची सरासरी ३ धरतो. दोन वेगवेगळे दर एकाच पिशवीत टाकले की नुसत्या त्या मिसळण्यानेच प्रचरणात साधारण साडेपाचाची भर पडते. त्यात प्रत्येक रात्रीचा आपला स्वाभाविक हेलकावा, म्हणजे सरासरीइतका, सुमारे ४. बेरीज साडेनऊच्या वर. तुमच्या साडेदहातला बराचसा भाग शनिवारनेच खाल्ला. शनिवार बाजूला काढून पुन्हा मोजा.

ही युक्ती माझी नाही. १८९८ साली बोर्टकेविच नावाच्या गृहस्थांनी प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून दर वर्षी किती सैनिक मेले याची २० वर्षांची नोंद तपासली होती. १४ तुकड्या होत्या. त्यातल्या ४ तुकड्यांची रचना इतरांहून वेगळी होती म्हणून त्या बाजूला ठेवल्या. उरलेल्या १० तुकड्यांत २०० 'तुकडी-वर्षं', १२२ मृत्यू, सरासरी ०.६१. एकही मृत्यू नाही अशी वर्षं सूत्राने १०८.७ यायला हवी होती, नोंदीत १०९ निघाली. त्या ४ तुकड्या म्हणजे त्यांचे शनिवार.

ओंजळभर

काढलं. २६ रात्री, सरासरी ३, प्रचरण ३.८.

पूर्वरात्र

गुणोत्तर १.२७. २६ रात्रींत हे गुणोत्तर नुसत्या योगायोगाने १ च्या वर-खाली ०.२८ पर्यंत सहज फिरतं. त्यामुळे पॉयसाँ म्हणायला हरकत नाही. आणि 'पनवती'चं म्हणाल तर रजिस्टर काढून तुमच्या वाट्याला शनिवार किती आले ते आधी बघा.

ओंजळभर

अय्या, चारही माझेच. बाकीच्यांची मुलं लहान आहेत म्हणून मी घेते.

जुना मापाडी

१.२७ वर मी पूर्वरात्रइतका निर्धास्त नाही. एका मोटारसायकलवरची तिघं ही तीन वेगवेगळी यादृच्छिक माणसं नव्हेत. ती एकच घटना आहे. माणसं मोजली की प्रचरण वरच जाणार, आणि ते ०.२७ तिकडूनही आलेलं असू शकतं. एक महिना अपघात वेगळे आणि माणसं वेगळी लिहून बघा. अपघात मोजल्यावर गुणोत्तर १ कडे सरकलं तर मी बरोबर. तसंच राहिलं तर पूर्वरात्र.

पूर्वरात्र

एका महिन्यात ते ठरणार नाही, काका. ०.२८ चा हेलकावा महिनाभरानंतरही तेवढाच असेल. किमान वर्षभर लिहावं लागेल.

जुना मापाडी

तेही खरंच. मग वर्षभर लिहा.

पठारावरचा

एक शेवटचा प्रश्न. येत्या डिसेंबरात मिथुन राशीचा वर्षाव मोजायचा विचार आहे. तासाला शंभराच्या घरात उल्का म्हणे. तिथेही हेच सगळं लागू?

जुना मापाडी

दर स्थिर राहणार नाही. उल्का ज्या बिंदूतून आल्यासारख्या वाटतात तो बिंदू संध्याकाळी क्षितिजाजवळ असतो आणि मध्यरात्रीनंतर डोक्यावर येतो. त्यामुळे पूर्ण रात्रीला एकच सरासरी लावू नका, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे वेगळे ठेवा.

दुसरी अडचण तुमच्या वहीची. या वेळी प्रत्येक उल्केनंतर मान खाली घालून, लाल दिव्यात वेळ लिहिलीत ना? त्यात दहा सेकंद गेली असं धरू. तासाला ६ असताना ती कुणाच्या खिजगणतीत नाहीत. तासाला १०० असताना मात्र मान खाली असतानाच पुढच्या निसटतात. हिशेबाने १०० पैकी ७८ च तुमच्या वहीत येतील. आणि गंमत म्हणजे आकडे जास्त शिस्तीत आल्यासारखे दिसतील. प्रचरण सरासरीच्या साधारण ०.६ पट होईल, कारण घोळक्याने आलेल्या उल्कांमधली पहिलीच तेवढी नोंदली जाते. आमच्या काउंटरमध्येही हे व्हायचं. नळी एक कण मोजून सावरेपर्यंत दुसऱ्याला आंधळी असते. तेव्हा गुणोत्तर १ च्या बरंच खाली आलं की आकाशाची तपासणी नको, स्वतःची करा. वही घरी ठेवा. फोन छातीवर ठेवून आवाज रेकॉर्ड करा, उल्का दिसली की नुसतं 'हं' म्हणा, डोळे वरच.

बांगडा_फ्राय

रात्रभर अंधारात पठारावर दोन पुरुष आडवे पडून 'हं', 'हं' करतायत. खालच्या वाडीत काय चर्चा होईल याचं वितरण कोणतं?

चिंगीची आई

पण मुलीला नेलं तर ती दर मिनिटाला 'ती बघ, ती बघ' करणार. मग दोघींचे आकडे एकत्र करायचे की वेगळे?

पूर्वरात्र

वेगळे, ताई! एकीने ओरडून दाखवलेली उल्का दुसरीनेही मोजली की तीच उल्का दोनदा येते, आणि मग तुमची अवस्था ओंजळभर यांच्या तीन जणांच्या मोटारसायकलसारखी. पाठीला पाठ लावून बसा, आकाश अर्धं अर्धं वाटून घ्या.

चिंगीची आई

ती सहा वर्षांची आहे हो. पाठीला पाठ लावून पाच मिनिटं बसली तरी मला चालेल.